कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी: आठवीच्या स्लाइडसाठी दोन चित्रं

शाळेतल्या साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकातून दिसतो तसा, कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा दाखवा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरलेला, आयोडीनच्या द्रावणाने रंगवलेला, वरून कव्हरस्लिप ठेवलेली. दहापट आयपीस, दहापट पदार्थभिंग, म्हणजे एकूण १०० पट. हे छायाचित्र वाटलं पाहिजे. रेखाचित्र, त्रिमितीय प्रतिकृती किंवा चकाकणारं संगणकी चित्र नको. पुढच्या तासाला मुलं हाच पापुद्रा स्वतः काढून पाहणार आहेत. स्लाइडवर पाहिलेलं आणि भिंगाखाली दिसलेलं जुळलं नाही, तर मुलांना आपलंच चुकलं असं वाटतं. म्हणून रचना खरी असणं मला देखणेपणापेक्षा महत्त्वाचं आहे.

मांडणी: १६:९ आडवी चौकट, काळी पार्श्वभूमी. उजवीकडे गोल दृष्टिक्षेत्र, कडा किंचित मऊ. डावीकडचा तिसरा हिस्सा पूर्ण मोकळा. चित्रात एकही अक्षर, आकडा, बाण किंवा मोजपट्टी नको. नावं आणि मोजपट्टी मी नंतर घालणार आहे.

गोलाचा व्यास प्रत्यक्षात सुमारे १.८ मिलिमीटर धरा. पेशी लांबट, साधारण २५० ते ४०० मायक्रोमीटर लांब आणि ५० ते ८० मायक्रोमीटर रुंद. म्हणजे गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या एका ओळीत पाच-सहा पेशी मावतील आणि अशा ओळी पंचवीस ते तीस दिसतील. पाचपन्नास मोठ्या पेशींनी गोल भरून टाकू नका. ओळी किंचित तिरक्या जाव्यात. भिंतीच्या विटांसारखे सांधे मागेपुढे असावेत, पेशींची टोकं बहुधा तिरकी, काही निमुळती. दोन शेजारी पेशींमध्ये फट नाही, भित्तिका सामाईक आणि बारीक. सगळ्या पेशी एकाच मापाच्या नकोत, आणि षटकोनी तर मुळीच नकोत. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये दाखवलेल्या बुचातल्या रिकाम्या पोकळ्या वेगळ्या. इथे जिवंत ऊती आहे.

केंद्रकाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. प्रत्येक पेशीत एकच, गोल किंवा किंचित लांबट, आयोडीनमुळे पिवळसर तपकिरी. १०० पट वर्धनाला ते लहान ठिपक्याएवढंच दिसतं: रुंदी १५ ते २० मायक्रोमीटर, गोलाच्या व्यासाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पेशीचा बहुतेक भाग मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असतो, त्यामुळे पेशीद्रव्य कडेला पातळ थरात आणि केंद्रक बहुतेक पेशींत भित्तिकेला टेकलेलं असतं. काही पेशींत ते मधोमध दिसलं तरी बरोबर आहे, कारण तिथे ते वरच्या किंवा खालच्या बाजूला टेकलेलं असतं. पण सगळ्यांत मधोमध दाखवणं चूक. चार-सहा पेशींत केंद्रक नजरेच्या पातळीबाहेर राहून अंधुक झालेलं चालेल.

हिरवं काहीही नको. या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. निळेकाळे स्टार्चचे कणही नकोत, कारण कांद्यात साठवण साखरेच्या रूपात असते, स्टार्चच्या नव्हे. तंतुकणिका, गॉल्जी पिंड, डीएनएचे पीळ यांपैकी काहीही या वर्धनाला दिसत नाही, म्हणून काढू नका.

रंग फिकट: पिवळसर पांढरा उजेड, भित्तिका फिक्या तपकिरी, एका बाजूला रंग थोडा जास्त चढलेला. उजेड खालून येणारा, त्यामुळे पेशींची सावली पडणार नाही. कडेजवळ एक-दोन हवेचे बुडबुडे असावेत: अगदी गोल, जाड काळ्या कडेचे, आतून स्वच्छ. मुलांच्या काचपट्टीवर ते हमखास येतात आणि मुलं त्यांनाच पेशी समजतात, म्हणून तुलनेसाठी मला ते हवेत. एका कडेला पापुद्र्याची छोटी घडी, तिथे दोन थर एकमेकांवर आल्याने रेषा गोंधळलेल्या आणि गडद.

दुसरं चित्र त्याच पापुद्र्याचं, त्याच मांडणीत, पण ४० पट पदार्थभिंगातून, एकूण ४०० पट. आता गोलाचा व्यास सुमारे ०.४५ मिलिमीटर, म्हणून आडव्या सहा ते आठ ओळीच दिसतील आणि लांबीत एखादीच पेशी पूर्ण मावेल. उजेड पहिल्यापेक्षा मंद. केंद्रक व्यासाच्या पंचविसाव्या भागाएवढं, त्यात एक-दोन गडद केंद्रकी. भित्तिकेलगत पेशीद्रव्याचा दाणेदार पातळ थर, मधला भाग स्वच्छ. पेशीपटल भित्तिकेला चिकटलेलं असल्याने त्याची वेगळी रेषा दाखवू नका. फोकस फक्त मधल्या पेशींवर नेमका, कडेला सैल.