साप्ताहिक चढ-उतार: १९ ते २५ जानेवारी २०२६

कोथरूड, सदाशिव पेठ आणि सिंहगड रोड या तिन्ही दुकानांची ही एकत्र विक्री आहे. तुलना आधीच्या आठवड्याशी (१२ ते १८ जानेवारी). क्रम रुपयांतल्या फरकावर लावला आहे, टक्क्यांवर नाही. टक्क्यांवर लावला की दोनाचे सहा पुडे खपलेली उदबत्ती पहिली येऊन बसते. ‘शेरा’ बिलिंगचं सॉफ्टवेअर आकडे आणि साठा पाहून आपोआप टाकतं. त्याखाली जिथे काही लिहिलंय, ते खरेदी विभागाचं.

वाढलेले पाच

१. नारळ: १२,६०० वरून २२,४०० रु. (+९,८००)
शेरा: ७८% वाढ. सर्वाधिक विक्री बुधवारी. साठा पुरेसा.

२. वाणाच्या स्टील वाट्या, सहाचा संच: ८,७०० वरून १६,८०० रु. (+८,१००)
शेरा: ९३% वाढ. सलग दुसऱ्या आठवड्यात वाढ. जादा मागणी नोंदवावी.
*जादा मागणी नोंदवू नये.* रविवारी रथसप्तमी झाली, हळदीकुंकू संपलं. सॉफ्टवेअरला दोन आठवड्यांची चढती रेघ दिसते, पंचांग दिसत नाही. उरलेले संच सदाशिव पेठेत एकत्र करा.

३. तांदळाची पिठी, अर्धा किलो: ३,१५० वरून ९,६३० रु. (+६,४८०)
शेरा: २०६% वाढ. असामान्य बदल, तपासावे.
तपासलं. गुरुवारी माघी गणेश जयंती होती, बाकी काही नाही.

४. साजूक तूप, ५०० मिली: १५,६४० वरून २०,४०० रु. (+४,७६०)
शेरा: ३०% वाढ. साठा पुरेसा.

५. कपड्यांची पावडर, मोठा पॅक: ८,८०० वरून १२,७६० रु. (+३,९६०)
शेरा: ४५% वाढ. योजना चालू आहे.
बादली फुकट आहे तोवर चालेल. लोकांनी दोन महिन्यांची पावडर भरून ठेवलीय, तेव्हा फेब्रुवारीत ही खालच्या यादीत दिसली तर दचकू नका.

घटलेले पाच

१. पॉलिश तीळ, अर्धा किलो: ३४,०६० वरून ४,९४० रु. (−२९,१२०)
शेरा: ८५% घट. असामान्य बदल, तपासावे.

२. चिक्कीचा गूळ, १ किलो: १९,२०० वरून ४,१६० रु. (−१५,०४०)
शेरा: ७८% घट. असामान्य बदल, तपासावे.
दोन्ही संक्रांतीचे. १४ तारीख उलटली की हे होणारच. चिक्कीचा गूळ मात्र दर्शनी भागातून आजच हलवा आणि तिथे साधा गूळ लावा.

३. इंद्रायणी तांदूळ, ५ किलो: २४,८०० वरून १३,६०० रु. (−११,२००)
शेरा: ४५% घट. साठा पुरेसा. मागणी कमी.

या आठवड्यात लक्ष द्यायचं ते इथे. घट जवळजवळ सगळी सिंहगड रोडची. बाकी दोन दुकानांत इंद्रायणी नेहमीसारखाच गेला. सिंहगड रोडला बुधवारी दुपारपासून शनिवारी सकाळपर्यंत विकण्याजोगी एकही पिशवी नव्हती. मग साठा पुरेसा कसा? मागच्या खोलीत जिन्याखाली अकरा पिशव्या पडल्या आहेत: काहींची शिवण उसवलेली, काहींना ओल लागलेली, व्यापाऱ्याला परत द्यायच्या म्हणून बाजूला काढलेल्या. संगणकावर मात्र त्या अजून विक्रीच्या मालात. त्यामुळे ‘साठा संपत आला’ हा इशारा आला नाही, मार्केट यार्डाला फोन गेला नाही, आणि मांडणीवर इंद्रायणीच्या जागी पोह्यांची पाकिटं लागली. काउंटरवरच्या मुलांच्या म्हणण्याप्रमाणे गिऱ्हाईक विचारत होतं. काहींनी कोलम नेला, काही तसेच गेले. मागणी कमी नव्हती, माल नव्हता.

आजपासून खराब माल काढला की त्याच दिवशी तो ‘परतावा’ खात्यात टाकायचा, तिन्ही दुकानांत. आणि ‘साठा पुरेसा’ असूनही एखादी रोजची वस्तू सलग दोन दिवस एकदाही बिलात आली नाही, तर ‘मागणी कमी’ऐवजी ‘मांडणी पाहा’ असा शेरा यावा, असं सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं आहे.

४. हलवा, २०० ग्रॅम: ११,४०० वरून ५,७०० रु. (−५,७००)
शेरा: ५०% घट. तपासावे.
तिळाइतका पडला नाही, कारण बोरन्हाणं रथसप्तमीपर्यंत चालतात. आता राहिलेला निम्म्या किमतीत काढा. पावसाळी हवेत तो टिकत नाही आणि पुढच्या संक्रांतीला जुना हलवा कुणी घेत नाही.

५. बाजरीचं पीठ, १ किलो: ७,०८० वरून २,९४० रु. (−४,१४०)
शेरा: ५८% घट. असामान्य बदल, तपासावे.
भोगी झाली. थंडी आहे तोवर थोडं जात राहील, पण हे पीठ लवकर कडू होतं. तारीख पाहून जुनी पाकिटं पुढे लावा.

पुढच्या सोमवारी नारळ, पिठी आणि वाट्या घटलेल्यांत असतील. त्यावर खुलासा मागणारे फोन करू नयेत. इंद्रायणीची गाडी मंगळवारी येईल, वीस पिशव्या थेट सिंहगड रोडला उतरवायच्या.