हिरवट पाणी

मेळघाटातल्या त्या आरोग्य केंद्रात रात्रीचे दोन वाजले होते. सिस्टरांनी तपासले, तर चार तासांपूर्वी ६ सेंटिमीटर उघडलेले गर्भपिशवीचे तोंड अजून तेवढेच होते आणि प्रसूतीची प्रगती नोंदवणाऱ्या पार्टोग्राफच्या तक्त्यावरची खूण सावधानतेची रेषा ओलांडून कृतीच्या रेषेला भिडली होती. “पहिलटकरीण आहे, वेळ लागायचाच,” सासूबाई म्हणाल्या. एरवी ते खरेही असते. पण पाणमोट फुटली तेव्हा चादरीवर उतरलेले पाणी हिरवट होते, आणि कळ ओसरल्यावरही बाळाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर येत नव्हते. सिस्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवले, सलाइन लावले आणि १०८ ला फोन केला.

“मावशी, कपड्यांची पिशवी घ्या, धारणीला न्यायचे आहे.”

संदर्भपत्रावर त्यांनी वेळ लिहिली : २.१०.