मुक्ताचा पाळणा

पाळणा बांधून झाला की आजीने पहिले कडवे धरावे आणि शेवटची ओळ सर्व बायकांनी मिळून उचलावी. नाव मात्र आठव्या कडव्यापर्यंत कोणाच्याही तोंडून बाहेर पडू नये, कारण ते आधी बाळाच्या कानात जायचे आहे.

पहिल्या दिवशी पहाटेच्या पारी
नात जन्मली आजोळच्या घरी,
आजोबांनी साखर वाटली दारोदारी,
जो बाळा जो जो रे जो.

पाचव्या दिवशी पूजिला पाटा,
पणजीने घेतला जागण्यात वाटा,
ओव्यांनी उजळल्या रात्रीच्या वाटा,
जो बाळा जो जो रे जो.

सहाव्या रात्री निजले सारे,
कोऱ्या कागदाशी थांबले वारे,
सटवाईने कोरले भाळी तारे,
जो बाळा जो जो रे जो.

बाराव्या दिवशी पाळणा सजला,
मामाचा चिमणाळा वरती बांधिला,
त्याकडे पाहून हुंदका थांबला,
जो बाळा जो जो रे जो.

मावशीने शिवली कुंची रेशमी,
शिवताना सुई टोचली नेहमी,
तरीही जरीची नाही हो कमी,
जो बाळा जो जो रे जो.

काकूने रेखिले काजळ डोळां,
काकाने घातला पायात वाळा,
दृष्टीस मोहऱ्या आजीने केल्या गोळा,
जो बाळा जो जो रे जो.

बाबाच्या हाती मावेना बाळ,
सावरतो मान, विसरतो काळ,
आई हसून म्हणते, जरा सांभाळ,
जो बाळा जो जो रे जो.

येथे गाणे थांबवावे. दोघी सुवासिनींनी पाळण्याच्या दोन बाजूंना उभे राहून, आधी कुंचीत गुंडाळलेला वरवंटा आणि मग बाळ, पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हाती देताना ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ असे म्हणावे. मुलगी असली तरी हे शब्द आमच्या घरी कधी बदलले नाहीत. त्यानंतर आत्याने कानात नाव सांगून ‘कुर्र’ करावे. बुक्के बेताने मारावेत, आत्याची पाठ दुखते.

आत्या वाकते कानाशी हळू,
‘मुक्ता’ हे नाव लागले घोळू,
बुक्के पाठीत लागले मिळू,
जो बाळा जो जो रे जो.

मुक्ता हे नाव मोत्याच्या मोलाचे,
ज्ञानदेवांच्या बहिणीच्या तोलाचे,
रुसल्या भावाला समजाविल्या बोलाचे,
जो बाळा जो जो रे जो.

दादा विचारी, ही बोलेल केव्हा?
लपवून ठेवी आधी तो मेवा,
मग म्हणे, अर्धा मुक्तालाही ठेवा,
जो बाळा जो जो रे जो.

घुगऱ्या वाटा ग, ओट्या भरा,
समईची वात जराशी सारा,
मुक्ता निजली, हळू बोला जरा,
जो बाळा जो जो रे जो.