सायली, 600 रुपयांत सकाळ-संध्याकाळ

सायली, काल फोनवर वाचून दाखवलेली ती अकरा बाटल्यांची यादी फाडून टाक. तुझी त्वचा ना तेलकट ना कोरडी, दुपारी नाकावर जरा चमक येते एवढंच. तुला तीन वस्तू पुरतील: सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. 600 रुपये बाजूला काढ आणि त्यातले निम्मे सनस्क्रीनला ठेव.

सकाळी, मेसला जायच्या आधी: चेहरा नुसत्या पाण्याने धू. रात्री फेसवॉश झालाय, सकाळी परत नको. तेवढीच बाटली जास्त दिवस जाते. टॉवेलने टिप, घासू नकोस. चेहरा किंचित ओला असतानाच वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर लाव, म्हणजे ती ओल टिकते.

मग सनस्क्रीन. इथे मात्र कंजुषी करू नकोस. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढ. चेहरा आणि मानेला एवढं लागतंच. कानही विसरू नकोस. एसपीएफ 30 पुरे. तेवढं नीट लावलं तर सुमारे 97 टक्के यूव्हीबी किरण अडतात आणि 50 ने 98, त्यामुळे त्या एका टक्क्यासाठी जास्त पैसे देऊ नकोस. वेष्टनावर 'पीए+++' किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' आहे का तेवढं बघ, म्हणजे उन्हातले यूव्हीए किरणही अडतात. रोज एकदा लावलंस तर 50 ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिना जाईल. वर्गात बसायचं असेल तर सकाळचं एकदाचं चालेल; ग्राउंडवर किंवा सिंहगडावर निघालीस तर दर दोन तासांनी परत लाव.

संध्याकाळी: क्लासवरून आल्या आल्या उरकून टाक. झोपायच्या वेळी तू कंटाळा करणार, मी ओळखते तुला. कोमट पाणी, थोडा फेसवॉश, अर्धा मिनिट हलक्या हाताने. अंगाचा साबण तोंडाला लावू नकोस. तो अल्कधर्मी असतो, त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणून धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो. मग सकाळचंच मॉइश्चरायझर. नाइट क्रीम वेगळी घ्यायची गरज नाही.

तिन्ही वस्तू एकाच दिवशी सुरू करू नकोस. आठवड्याला एक, आणि आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ. खाज किंवा पुरळ आलं की कोणामुळे ते लगेच कळतं. सुरुवात सनस्क्रीनपासून कर.

लिंबू, खायचा सोडा, पिंपलवर टूथपेस्ट: नाही म्हणजे नाही. रूममेटची ती 'आठवड्यात गोरं' करणारी ट्यूब तर अजिबात नको. अशा क्रीममध्ये कधीकधी स्टेरॉइड असतं, त्याने त्वचा पातळ होते. आईचं बेसन रविवारी हौसेने लाव, पण चोळून काढू नकोस.

आणि ट्यूब संपली वाटली की कात्रीने कापून बघ, आत अजून चार दिवसांचं निघतं.

ताई