स्ट्रेस-स्ट्रेन आलेख: चार आकृत्या आणि त्यांवरच्या खुणा

दुसऱ्या वर्षाच्या मटेरियल सायन्समधल्या 'यांत्रिक गुणधर्म' या प्रकरणाच्या या टिपा. प्रकरण चाळीस पानांचं आहे, पण सगळं चार आकृत्यांत मावतं. व्याख्या पाठ करण्याआधी एक सवय लावा: कुठलाही गुणधर्म आला की आलेखावर बोट ठेवून सांगायचं, तो चढ आहे, उंची आहे, रुंदी आहे की क्षेत्रफळ. तोंडी परीक्षेत निम्मे जण इथेच घसरतात, कारण बोलताना आपण ताठ, मजबूत, चिवट आणि कठीण हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरतो.

आधी दोन सूत्रं

```
σ = P / A0          (N/mm² = MPa)
ε = (L − L0) / L0   (एकक नाही)
```

σ म्हणजे स्ट्रेस, ε म्हणजे स्ट्रेन, P म्हणजे दांडी ओढणारा भार. A0 आणि L0 हे दांडीचं सुरुवातीचं क्षेत्रफळ आणि लांबी. दांडी बारीक होत गेली तरी भागायचं जुन्याच क्षेत्रफळाने. हा 'इंजिनिअरिंग' स्ट्रेस. आलेख शेवटी खाली का वळतो, याचं उत्तर या एका तडजोडीत आहे. ते पुढे येईल.

आकृती १: माइल्ड स्टील

```
σ
│                    ५
│               _.--'''--._
│           _.-'           '-.
│   ३    .-'                  '. ६
│   /\__/                       x
│  २  ४
│ १/
│ /
└/──────────────────────────────── ε
```

१, प्रपोर्शनल लिमिट. इथपर्यंत रेषा सरळ, म्हणजे हूकचा नियम लागू. या रेषेचा चढ म्हणजे यंग्ज मॉड्युलस, E. पोलादासाठी सुमारे २०० गिगापास्कल. पोलाद मऊ असो की कडक केलेलं, E जवळजवळ तोच राहतो. उष्णता प्रक्रियेने उंची बदलते, चढ नाही. त्यामुळे 'जास्त मजबूत पोलाद वापरलं की बीम कमी वाकेल' हे चूक.

२, इलॅस्टिक लिमिट. भार काढला की दांडी मूळ लांबीवर येते, ती इथपर्यंतच. १ आणि २ इतके जवळ असतात की प्रत्यक्ष चाचणीत वेगळे दिसत नाहीत. आकृतीत मात्र दोन्ही दाखवा, गुण त्याचेच असतात.

३ आणि ४, अपर आणि लोअर यील्ड पॉइंट. माइल्ड स्टीलची ओळख हीच. डिसलोकेशन म्हणजे अणूंच्या जाळीतला रेषेसारखा दोष, तो सरकला की धातू कायमचा ताणला जातो. लोखंडाच्या जाळीतल्या डिसलोकेशनभोवती कार्बन-नायट्रोजनचे अणू गोळा होऊन तिला धरून ठेवतात. ती सुटेपर्यंत जास्त जोर लागतो, एकदा सुटली की कमी जोरात सरकते. म्हणून काटा आधी वर जातो आणि मग झटकन थोडा मागे येतो. त्यानंतरच्या सपाट भागात नमुना एकदम सगळीकडे ताणला जात नाही, पट्ट्यापट्ट्यांनी ताणला जातो. हे ल्यूडर्स बँड. घासून चकचकीत केलेल्या नमुन्यावर ते डोळ्यांना दिसतात. डिझाइनसाठी लोअर यील्ड धरा, कारण अपर यील्ड चाचणीचा वेग आणि नमुन्याची पकड यांवर हलतो.

४ ते ५, स्ट्रेन हार्डनिंग. डिसलोकेशन वाढत जातात आणि एकमेकींच्या वाटेत येतात. स्टेशनच्या जिन्यावरची गर्दी आठवा.

५, अल्टिमेट टेन्साइल स्ट्रेंग्थ, म्हणजे यूटीएस. आलेखाची सर्वांत जास्त उंची. नेकिंग, म्हणजे एकाच जागी मान बारीक होणं, इथे सुरू होतं, इथे तुटत नाही.

६, फ्रॅक्चर. माइल्ड स्टीलचं तुटकं टोक कप आणि कोन अशा आकाराचं. मधला भाग खरबरीत, कडेला ४५ अंशांचा तिरपा काठ.

आमच्या लॅबमधल्या नमुन्याचे आकडे

व्यास १० मिमी, गेज लेंग्थ, म्हणजे ज्या भागाची वाढ मोजायची त्याची लांबी, ५० मिमी.

```
A0 = 78.5 mm²
अपर यील्ड   22.8 kN  →  290 MPa
लोअर यील्ड  21.6 kN  →  275 MPa
कमाल भार    34.5 kN  →  439 MPa
तुटताना     25.9 kN  →  330 MPa
शेवटची लांबी 64.5 mm  →  29 %
मानेचा व्यास  6.2 mm  →  क्षेत्रफळ घट 61.6 %
```

आयएस २०६२ मधल्या ई २५० ग्रेडला यील्ड किमान २५०, यूटीएस ४१० आणि एलाँगेशन २३ टक्के लागतं. नमुना पास.

आता एक हिशोब करून बघा. २७५ ला २ लाखांनी भागलं की इलॅस्टिक स्ट्रेन ०.००१३७५ येतो. म्हणजे ५० मिमीची दांडी यील्डपर्यंत फक्त ०.०६९ मिमी ताणली जाते, केसाच्या जाडीइतकी. पूर्ण आलेख १५ सेमी रुंद काढला तर तो सरळ भाग आडव्या अक्षावर जेमतेम ०.७ मिमी जागा घेईल. पेन्सिलीची एक रेघ! पुस्तकातली तिरपी ऐसपैस रेषा समजण्यापुरती आहे, प्रमाणात नाही. आकृतीखाली 'प्रमाणात नाही' असं लिहायला विसरू नका.

हे आम्ही फटका खाऊन शिकलो. पहिल्या प्रॅक्टिकलला नमुन्यावरच बसवून लांबीवाढ मोजणारा एक्स्टेन्सोमीटर न लावता, यूटीएम या ओढणाऱ्या मशिनच्या क्रॉसहेडचं सरकणंच लांबीवाढ म्हणून धरलं. यील्डपर्यंत १.१ मिमी आलं, E निघाला १२.५ गिगापास्कल. सरांनी जर्नल बघून विचारलं, "नमुना पोलादाचा होता की सागवानाचा?" खरंच सागवानाचा E तेवढाच असतो. जबड्यांतली घसरण आणि मशिनचं स्वतःचं ताणलं जाणं, सगळं आमच्या आकड्यात शिरलं होतं. E हवा असेल तर एक्स्टेन्सोमीटर हवाच. यूटीएससाठी त्याची गरज नाही, तिथे फक्त भार मोजायचा.

५ नंतर आलेख खाली का?

धातू कमजोर होतो म्हणून नाही. मान बारीक होते, भार घटतो, आणि आपण अजून ७८.५ नेच भागतोय. तुटतानाचा २५.९ किलोन्यूटन मानेच्या खऱ्या क्षेत्रफळाने, ३०.२ ने भागला तर ८५८ मेगापास्कल येतात. म्हणजे खरा स्ट्रेस शेवटपर्यंत चढतच असतो.

```
σt = σ (1 + ε)
εt = ln(1 + ε)       दोन्ही फक्त नेकिंगपर्यंत
σt = K · εt^n        नेकिंग: εt = n असताना
```

n म्हणजे स्ट्रेन हार्डनिंग एक्स्पोनंट. n जास्त तर मान उशिरा पडते. मोटारीच्या दाराचा पत्रा दाबून घडवणाऱ्यांना n जास्त असलेलं पोलाद लागतं ते यासाठीच.

आकृती २: ॲल्युमिनियम, यील्ड पॉइंट दिसत नाही

```
σ
│            _..--''''--.._
│        _.-'              x
│      .•
│     / /
│    / /
│   / /
│  / /
│ / /
└/─/──────────────────────── ε
 ०  ०.२%
```

रेषा कधी वळली ते सांगता येत नाही. म्हणून आडव्या अक्षावर ०.२ टक्के, म्हणजे ०.००२ वर खूण करायची, तिथून सरळ भागाला समांतर रेषा काढायची, ती जिथे आलेखाला छेदते (•) तो ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस. ०.२ हा आकडा निसर्गाचा नाही, माणसांनी ठरवलेला आहे. नेहमीची चूक: ०.००२ वरून उभी रेषा काढणे. ६०६१-टी६ मिश्रधातूला हा साधारण २७५ मेगापास्कल येतो, आमच्या माइल्ड स्टीलइतकाच. पण E ६९ गिगापास्कल. तेवढ्याच भाराला ॲल्युमिनियमची दांडी जवळजवळ तिप्पट ताणली जाते. मजबुती सारखी, ताठपणा एक तृतीयांश.

आकृती ३: मध्येच भार काढला तर

```
σ
│                ब
│           _.-'/''--.._
│        .-'   /        x
│   अ_.-'     /
│   /        /
│  /        /
│ /        /
└/────────/───────────── ε
 ०        प
```

ब वरून परत येताना आल्या वाटेने येत नाही, मूळ चढाला समांतर येतो. ० ते प एवढी वाढ कायमची. पुन्हा भार दिला तर प वरून थेट ब पर्यंत सरळ, म्हणजे यील्ड वाढला आणि उरलेली तन्यता घटली. हेच कोल्ड वर्किंग. साइटवर मिस्त्री अजून सळईला 'टोर' म्हणतात, ते नाव थंड अवस्थेत पीळ देऊन मजबूत केलेल्या जुन्या सळयांचं. आजची टीएमटी तशी नाही, ती गरम असताना पाण्याने बाहेरून कडक केलेली असते. नाव मात्र चिकटून राहिलं.

आकृती ४: शेजारी शेजारी

```
σ
│     _x  क
│    /
│   /
│  |           _.---._
│  |       _.-'       'x  ख
│  |/\___.'
│  /
│ /  _x  ग
│ |.'
└/──────────────────────── ε
```

क स्प्रिंगचं पोलाद, ख माइल्ड स्टील, ग करडं बीड. (इथे E, उंची आणि रुंदी फक्त तुलनेपुरती.)

ताठपणा म्हणजे चढ. मजबुती म्हणजे उंची. कोणती, यील्ड की यूटीएस, ते सांगायलाच हवं. तन्यता म्हणजे रुंदी, मोजायची टक्के एलाँगेशन किंवा टक्के क्षेत्रफळ घट यांनी. एलाँगेशनसोबत गेज लेंग्थ लिहा. मानेजवळची वाढ ठरावीक असते, त्यामुळे गेज आखूड घेतली की टक्का फुगतो.

रेझिलियन्स म्हणजे फक्त सरळ रेषेखालचा त्रिकोण, म्हणजे परत मिळणारी ऊर्जा:

```
Ur = σy² / 2E
माइल्ड स्टील:   275² / 400000  = 0.19 MJ/m³
स्प्रिंग (1200): 1200² / 400000 = 3.6 MJ/m³
```

E तोच, तरी एकोणीसपट. स्प्रिंग माइल्ड स्टीलची का करत नाहीत, याचं उत्तर यापुढे एका ओळीत द्या.

टफनेस, म्हणजे चिवटपणा: तुटेपर्यंतचं पूर्ण क्षेत्रफळ. आमच्या नमुन्यासाठी अंदाजे (२७५ + ४३९)/२ × ०.२९, म्हणजे सुमारे १०४ मेगाज्यूल प्रति घनमीटर. २०० मेगापास्कलला आणि अर्ध्या-पाऊण टक्क्यात तुटणाऱ्या बिडासाठी हाच आकडा १ च्या आसपास. बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांची टोकं आधीच भेगांसारखी असतात, ताणलं की उघडतात. दाबलं की मिटतात, म्हणून बीड दाबाला ताणाच्या तीन-चारपट सोसतं. लेथचा बेड बिडाचा असतो, साखळी कधीच नसते.

कठिणपणा या आलेखावर नाही. तो पृष्ठभागावर खड्डा पाडून मोजतात. पोलादासाठी ब्रिनेल आकडा × ३.४५ केलं की यूटीएसचा बरा अंदाज येतो, एवढंच नातं.

एक सावधगिरी. हे क्षेत्रफळ सावकाश ओढलेल्या, गुळगुळीत आणि खोलीच्या तापमानाच्या नमुन्याचं. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्यालाच उभं असताना मधोमध दुभंगलं. साध्या ओढचाचणीत तन्य दिसणारं पोलाद थंडीत आणि खाचेपाशी ठिसूळ वागतं. त्यासाठी शार्पी चाचणी, ती पुढच्या प्रकरणात.