विषय: प्रकल्प अहवालासाठी २५ फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळण्याबाबत (स्नेहल जाधव, एम. ए. भाग १, भूगोल, रोल नंबर २७)

आदरणीय सर,

नमस्कार.

माझे थोरले चुलते शनिवारी, ७ फेब्रुवारीला पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने वारले. मी त्याच दिवशी होस्टेलवरून गावी आले, तेव्हापासून इथेच आहे. आमचे गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या पुढे आहे. आपला प्रकल्प अहवाल सोमवारी, १६ तारखेला द्यायचा आहे आणि नेमका त्याच दिवशी आप्पांचा दहावा आहे. अहवाल बुधवारी, २५ फेब्रुवारीला दिला तर चालेल का, हे विचारण्यासाठी ही मेल लिहीत आहे.

सबमिशनच्या तोंडावर अशा मेल बऱ्याच येत असतील आणि त्यातल्या सगळ्याच खऱ्या नसतील, याची कल्पना आहे. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून मिळायचा आहे. हातात आला की त्याचा फोटो लगेच पाठवते. त्याआधी खात्री करावीशी वाटली तर माझ्या वडिलांना फोन करावा. त्यांचा नंबर प्रवेश अर्जावर आहे.

दहावा झाल्यावर लगेच का निघता येत नाही, तेही सांगते. चुलतभावाचे कोइमतूरला गलाईचे दुकान आहे. तो रात्रभर गाडी चालवत आला, म्हणून अंत्यसंस्कार रविवारी झाले. तेराव्यानंतर त्याला परतावे लागेल. वडील एसटीत वाहक आहेत, त्यांची रजाही तेवढीच आहे. तेरावा १९ तारखेला, शिवजयंतीच्या सुट्टीच्या दिवशी येतो. त्यामुळे वारस नोंदीचा अर्ज, सोसायटीच्या पीककर्जाचे कागद आणि आप्पांचे बँक खाते ही कामे शुक्रवारी, २० तारखेलाच सुरू करता येतील. काकू कधी तलाठी कार्यालयात गेलेल्या नाहीत आणि घरात फॉर्म भरणारी मी एकटीच आहे. भाऊ जायच्या आत त्याच्या सह्या घेऊन निदान अर्ज तरी दाखल व्हावेत, एवढाच प्रयत्न आहे. शनिवारी, २१ तारखेला मी सांगलीत येईन.

आप्पांनीच मला पुढे शिकायला सांगलीला पाठवले. घरात सगळ्यांचे मत तसे नव्हते. याहून जास्त लिहीत नाही.

आता प्रकल्पाबद्दल. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरचे आमचे काम बरेच पुढे गेले आहे. पेवमालकांच्या मुलाखती पूर्ण आहेत. २००५ च्या महापुरात किती पेवे निकामी झाली आणि पुढे लोक गोदामांकडे आणि शीतगृहांकडे का वळले, यावर त्यांनी सविस्तर बोलून दिले आहे. जमिनीखाली हवा न लागता हळद कशी टिकायची, तो भागही लिहून झाला आहे. राहिले आहे ते मार्केट यार्डातल्या हमालांशी बोलणे. नव्या हळदीचे सौदे आता सुरू आहेत, त्यामुळे २३ तारखेला सकाळी यार्डात ते सगळे एकाच ठिकाणी भेटतील. शेवटचे प्रकरण त्यावरच बेतलेले आहे. ते न भेटता कसेतरी लिहून देणे मला बरे वाटत नाही.

श्रद्धाबद्दल वेगळी विनंती आहे. आमचा प्रकल्प जोडीचा आहे आणि तिचा भाग, म्हणजे कृष्णा-वारणा संगमाजवळचे नकाशे आणि पहिली दोन प्रकरणे, तयार आहे. ती १६ तारखेला तेवढा भाग वेळेत देईल. माझ्यामुळे तिचे गुण कापले जाऊ नयेत. उशिराचे गुण कापायचेच असतील तर ते फक्त माझे कापावेत, माझी काही तक्रार नाही.

तोंडी परीक्षा २८ तारखेला आहे, म्हणजे अहवाल वाचायला आपल्याला दोन दिवस मिळतील. विद्यापीठाकडे अंतर्गत गुण त्याआधी पाठवायचे असतील तर तसे कळवावे. मग हमालांचे प्रकरण वगळून उरलेला अहवाल २२ तारखेला रात्रीपर्यंत पीडीएफ करून पाठवेन आणि बाइंडिंगची प्रत नंतर देईन. मुलाखतींच्या वह्या होस्टेलवर आहेत, श्रद्धा मला पानांचे फोटो पाठवत आहे, त्यामुळे इथूनही थोडे काम होते. लॅपटॉप मात्र सोबत नाही. ही मेलसुद्धा फोनवरूनच लिहिली आहे, काही चुका राहिल्या असतील तर समजून घ्यावे.

गावात रेंज धड नाही. फोन लागला नाही तर मेलवर एक ओळ लिहिली तरी पुरे, संध्याकाळी रस्त्यावर आले की मी मेल बघते. विभागप्रमुखांच्या नावाने वेगळा अर्ज द्यावा लागत असेल तर तेही सांगावे. मी तो हाताने लिहून श्रद्धाला फोटो पाठवेन, ती प्रिंट काढून कार्यालयात देईल.

आपली विद्यार्थिनी,
स्नेहल जाधव