गल्लीतल्या शिकवणीच्या पोस्टरसाठी प्रॉम्प्ट

सोबत जोडलेल्या छायाचित्राचा वापर करून लातूर शहरातील एका गल्लीत घरीच पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या बाईंसाठी जाहिरातीचे उभे पोस्टर तयार करावे. आकार ए-४ असावा, म्हणजे रुंदी २४८० आणि उंची ३५०८ पिक्सेल, कारण ते छापून किराणा दुकानाच्या भिंतीवर आणि मंदिराच्या पारावर लावायचे आहे.

छायाचित्रातील चेहरा जसा आहे तसाच राहिला पाहिजे. रंग उजळू नये, सुरकुत्या पुसू नयेत, कानाजवळचे पांढरे केस, चष्मा आणि कुंकू यांना हात लावू नये; गल्लीतल्या आयांना बाई लांबूनच ओळखू आल्या पाहिजेत. छायाचित्र दुपारी दारात काढलेले असल्यामुळे डाव्या गालावर छपराची सावली पडली आहे, तेवढी मात्र सौम्य करावी. मागे दिसणारी कपड्यांची दोरी आणि पाण्याची टाकी काढून टाकावी व तेथे फिकट पिवळी भिंत, शहाबादी फरशीचा ओटा आणि कडुनिंबाची एक फांदी दाखवावी. उजव्या हाताच्या बोटांना लागलेला खडू तसाच ठेवावा, कारण साऱ्या छायाचित्रात शिकवणारा हात तेवढाच दिसतो.

एकूण रूप आपुलकीचे, घरगुती असावे. शहरात मोठ्या क्लासेसच्या फलकांवर गुणवंतांचे फोटो, टक्के आणि भडक लाल-पिवळी अक्षरे असतात. तसे काहीही येथे नको. हस्तिदंती, कोवळा हिरवा आणि विटकरी एवढेच रंग पुरेत.

मजकूर देवनागरीत, ठळक व साध्या अक्षरांत, पुढे दिल्याबरहुकूम लिहावा. वर मोठ्या अक्षरांत «बाईंची शिकवणी», त्याखाली «पाचवी ते आठवी • गणित • मराठी आणि सेमी माध्यम» आणि छायाचित्राशेजारी लहान अक्षरांत «न समजलेले पुन्हा विचारायला लाजू नका». जोडाक्षरे आणि मात्रा तुटू नयेत. हा मजकूर आणि खालच्या पानावरचे «वेळ» हे शीर्षक याखेरीज एकही शब्द, चिन्ह किंवा नक्षीसारखी दिसणारी खोटी अक्षरे घालू नयेत.

खालचा एक तृतीयांश भाग वेळांसाठी मोकळा ठेवावा. पाटीचे चित्र काढण्याचा मोह होईल, पण काळ्या रंगावर मार्करने लिहिता येत नाही, म्हणून तेथे वहीचे रेघी पान दाखवावे: पांढरट कागद, डावीकडे लाल समासरेषा आणि हाताने लिहिता येतील अशा चार रुंद ओळी, ज्यांवर सावली, डाग वा चित्र नसावे. या पानावर केवळ «वेळ» हे शीर्षक असावे. जूनमध्ये शाळा उघडल्या की तुकड्यांच्या वेळा बदलतात, दिवाळीनंतर पुन्हा बदलतात आणि परीक्षेच्या आधी तर बाई सकाळीही मुलांना बसवतात. त्यामुळे आकडे छापायचे नसून छापलेल्या प्रतींवर हातानेच लिहायचे आहेत. चारही बाजूंना एक सेंटिमीटर कोरी कड सोडावी, म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या यंत्रात मजकूर कापला जाणार नाही.